चालायचे बूट घेताना आधी पाय मोजा

(वारजे येथील गटांच्या मासिक बैठकीत आमच्या क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं बोलणं)

मागच्या बैठकीत सात-आठ जणींनी परत भरभर चालायला सुरुवात करायची असं ठरवलं. लगेच प्रश्न आला, बूट कोणते घ्यायचे? म्हणून आज फक्त बुटांबद्दल बोलते.

पहिली गोष्ट, पोटमाळ्यावरचे जुने बूट. चार-पाच वर्षं पडून राहिलेल्या बुटाचा फोम वापर नसतानाही खराब होतो. दमट हवेनं काही सोल भुसभुशीत होतात, डिंक सुटतो. अंगठ्यानं टाचेजवळ सोल दाबून बघा. दगडासारखा लागला किंवा चिरा दिसल्या तर ते बूट बागकामाला ठेवा.

दुसरं, जुना नंबर विसरा. बाळंतपणं, वाढलेलं वजन, वर्षानुवर्षं मोकळ्या चपला, यानं पाय पसरतो. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेनं देशभरात एक लाखाहून जास्त लोकांचे पाय मोजले, तेव्हा आपल्याकडचे पाय परदेशी मापांच्या मानानं रुंद निघाले. म्हणजे बूट चावतो यात पायाचा दोष नाही.

आपल्याच गटातल्या एका काकूंचं उदाहरण सांगते, त्यांना विचारूनच. वय 47, चालणं सुटून पाच वर्षं झालेली, पूर्वीचा नंबर पाच, बजेट 1500 रुपये. आम्ही संध्याकाळी माप घेतलं, कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो. कागद भिंतीला लावून जमिनीवर ठेवला. मोजे आणि जोडवी घालून, टाच भिंतीला टेकवून, पूर्ण वजन देऊन त्या उभ्या राहिल्या. पेन्सिल सरळ धरून भोवती रेघ मारली. डावा पाय 24.3 सेंटिमीटर, उजवा 24. मोठा पाय धरायचा. त्यात पुढे बोटांसाठी साधारण एक सेंटिमीटर जागा. मग तो कागद कापून दुकानात नेला.

दुकानात बुटातला सुखतळा बाहेर काढायला सांगा. दुकानदार कधी कधी कुरकुरतो, सांगायचंच. त्यावर कागद ठेवला की लगेच कळतं. पाच नंबरच्या सुखतळ्यावर काकूंचा चवडा दोन्ही बाजूंनी बाहेर येत होता. सहा नंबर बायकांच्या बुटात लांबीला बरोबर, पण तरी अरुंद. शेवटी पुरुषांच्या रांगेतला त्याच मापाचा जोड बसला. तो बहुतेक वेळा थोडा रुंद असतो. रंग काळा होता, काकूंना गुलाबी हवा होता. असो!

जोडव्यांचं मुद्दाम सांगते. ती काढणार नसाल तर बुटाचा पुढचा भाग वरूनही उंच हवा. नाहीतर दुसऱ्या बोटाला घासून फोड येतो.

आता मऊपणा. काकूंपुढे तीन जोड होते. 700 रुपयांचा हातात घेतला तर अगदी स्पंजासारखा, म्हणून पहिल्यांदा तोच आवडला. पण दोन हातांनी पिळला तर टॉवेलसारखा पिळला गेला आणि टाचेमागचा भाग बोटानं दाबला की आडवा झाला. असा बूट पायाला धरत नाही, टाच आत-बाहेर कलते. 2600 चा जाड सोलचा, पळण्यासाठीचा होता. पळताना दोन्ही पाय हवेत जाऊन टाच जोरात आपटते. चालताना एक पाय कायम जमिनीवर असतो, धक्का बराच कमी बसतो. एवढ्या जाड गादीचे पैसे कशाला? 1300 चा जोड चवड्याजवळ वाकला, मधोमध वाकला नाही, टाच घट्ट राहिली. तोच घेतला. उरलेल्या पैशातून दोन जोड मोजे.

बूट घातल्यावर उभं राहून बघा. पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा, बोटं हलली पाहिजेत, टाच उचलली जाऊ नये. थोडी उचलली तर वरच्या शेवटच्या भोकातून लेस ओवून घट्ट बांधा. बिल ठेवा, बदलून मिळेल का ते आधीच विचारा. दोन दिवस घरातल्या फरशीवरच चाला. कुठे लाल झालं तर परत करा. "वापरून सैल होईल" यावर विसंबू नका, लांबी कधीच सैल होत नाही.

आपल्याकडे कोणी महामार्गाच्या सेवा रस्त्यानं जातं, तर कोणी वारजेच्या नागरी वनातल्या मातीच्या वाटेनं. मातीवर, पावसाळ्यात विशेष, गुळगुळीत सोल घसरतो. खाली खाचा बघून घ्या.

ज्यांना साखरेचा त्रास आहे त्यांच्यासाठी वेगळं. तळव्याला बधिरपणा असेल तर बूट चावतोय हे कळतच नाही. तुम्ही आधी डॉक्टरांना पाय दाखवा, आणि रोज चालून आल्यावर तळवा आरशात किंवा सुनेकडून बघून घ्या. सकाळी पहिलं पाऊल टाकताना टाच दुखते, त्यांनीही बुटावर सगळी आशा ठेवू नये, दाखवून घ्यावं.

पुढच्या बैठकीला मी कागद, पेन्सिल, कात्री आणते. तुम्ही मोजे घालून या.