पासपोर्टवर एकच नाव असेल, तर आडनावाच्या रकान्यात काय लिहायचे?

(पिंप्राळा, जळगाव येथे तरुणांसमोर केलेले भाषण)



तुमच्यापैकी बरेच जण घरातल्या सगळ्यांचे ऑनलाइन फॉर्म भरून देतात. म्हणून आज एकाच अडचणीवर बोलतो. पासपोर्टवर एकच नाव आहे, आडनावाची जागा कोरी आहे आणि समोरचा फॉर्म दोन्ही रकाने भरल्याशिवाय पुढे सरकत नाही. अशा वेळी काय लिहायचे?

हे आपल्याकडे का होते, ते तुम्हाला माहीतच आहे. आपल्या जळगाव-धुळ्यात कागदावर नाव असते ‘शेख आसिफ शेख युनूस’. यात ‘शेख’ दोनदा येते आणि तेही पुढे. बायकांचे तर एका कागदावर नुसते ‘रुखसानाबी’ आणि दुसऱ्यावर ‘शेख रुखसानाबी शेख युनूस’. पासपोर्टच्या वेळी पहिला कागद लावला, तर पासपोर्टवर RUKHSANABI एवढेच येते. हेच नमुन्याचे नाव घेऊन पुढे जाऊ. समजा, या खाला अमेरिकेत मुलाकडे निघाल्या आहेत.

आधी पासपोर्ट उघडा. फोटोच्या पानावर Surname खाली काही नाही आणि Given Name(s) खाली RUKHSANABI आहे. म्हणजे हे ‘पहिले नाव’ झाले, असे आपण समजतो. पण त्याच पानाच्या तळाशी दोन ओळी असतात, प्रत्येकी 44 अक्षरांच्या. त्या यंत्रासाठी आहेत. त्यांची मांडणी आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने ठरवून दिली आहे. आडनाव आधी, मग `<<` अशा दोन खुणा, मग पहिले नाव. दोन्ही नावे असलेल्या पासपोर्टची वरची ओळ अशी दिसते:

```
P<INDSHAIKH<<RUKHSANABI<<<<<<<<<<<<<<<<<<<<<
```

आणि नाव एकच असेल, तर नियम सांगतो की ते मुख्य नावाच्या जागी, म्हणजे `<<` च्या आधी, घ्यायचे:

```
P<INDRUKHSANABI<<<<<<<<<<<<<<<<<<<<<<<<<<<<<
```

पाहिलेत? वर छापताना जे पहिले नाव होते, ते यंत्राच्या वाचनात आडनावाच्या जागी आले. बऱ्याच देशांचे फॉर्म एकटे नाव आडनावाच्या रकान्यात का मागतात, याचे उत्तर इथे आहे. फॉर्म भरण्याआधी तुमच्या पासपोर्टची ही ओळ स्वतः वाचा.

आता खालांचा फॉर्म. अमेरिकेच्या व्हिसाचा फॉर्म DS-160. त्याच्या सूचनेत स्पष्ट लिहिले आहे की पासपोर्टवर एकच नाव असेल तर ते Surnames मध्ये लिहा आणि Given Names मध्ये FNU लिहा. FNU म्हणजे ‘पहिले नाव माहीत नाही’ याची इंग्रजी आद्याक्षरे. म्हणून:

```
Surnames:     RUKHSANABI
Given Names:  FNU
```

इथे हात शिवशिवतात. आधारवर ‘शेख’ आहे, मग आडनावात SHAIKH टाकू, असे वाटते. टाकू नका. हा रकाना पासपोर्टवरचे नाव विचारतो, खरे आडनाव कोणते ते विचारत नाही. ‘शेख’ लिहायची जागा त्याच फॉर्ममध्ये पुढे आहे. यापूर्वी दुसरे कुठले नाव वापरले आहे का, असा प्रश्न येतो. खाला इतर कागदांवर ‘शेख’ लावत असतील, तर तिथे ‘होय’ म्हणून ते द्या. फॉर्म पाठवल्यावर जे पुष्टीचे पान मिळते, त्यावरचे नाव पासपोर्टशी एकेक अक्षर जुळवून पाहा.

FNU एकदा शिकल्यावर सगळीकडे तेच लिहायचा मोह होतो. कॅनडाचे पाहा. तिथला नियम असा की पासपोर्टवर आडनाव नसेल, तर असलेले नाव आडनावाच्या रकान्यात लिहा आणि पहिल्या नावाचा रकाना कोरा ठेवा. FNU, फुली, ‘लागू नाही’ यांतले काहीही लिहू नका, असे त्यांच्या सूचनेतच आहे. बाई तीच, पासपोर्ट तोच, पण उत्तर वेगळे. म्हणून रकान्याशेजारची मदत-सूचना वाचल्याशिवाय टाइप करू नका. टिंब, रेघ, NA हे तर मनाने कधीच टाकू नका.

व्हिसा आला की तिकीट. विमान कंपन्यांच्या यंत्रणेत प्रवाशाचे नाव आडनाव, तिरकी रेघ, पहिले नाव असे साठवले जाते. एकट्या नावासाठी कंपन्यांच्या रीती वेगळ्या आहेत. कुणी पहिल्या नावात FNU घेते, कुणी तेच नाव दोन्हीकडे लिहायला सांगते, कुणी MRS सारखे संबोधन पहिल्या नावाच्या जागी ठेवते. त्यामुळे पैसे भरण्याआधी कंपनीला लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा. प्रवासात दोन कंपन्यांची विमाने असतील, तर दोघींना विचारा. तिकिटावर SHAIKH आणि पासपोर्टवर फक्त RUKHSANABI असेल, तर अडवणूक चेक-इनच्या खिडकीवर होते आणि त्या वेळी हातात फार थोडा वेळ असतो. तिकीट आले त्याच दिवशी नाव तपासा, चूक असेल तर लगेच दुरुस्त करून घ्या.

काही ठिकाणी रकाना बरोबर भरूनही भागत नाही. नोव्हेंबर 2022 मध्ये संयुक्त अरब अमिरातीने एकच नाव असलेल्या पासपोर्टवर पर्यटन किंवा भेटीच्या व्हिसाने येणाऱ्यांना प्रवेश न देण्याचे ठरवले. आपल्या विमान कंपन्यांनी तशी परिपत्रके काढली. काही दिवसांतच सवलत आली की पासपोर्टच्या दुसऱ्या पानावर वडिलांचे किंवा घराण्याचे नाव असेल तर चालेल. तिथला रहिवासी परवाना असलेल्यांची गोष्ट वेगळी होती, पण त्यांनाही पहिले नाव आणि आडनाव या दोन्ही रकान्यांत तेच नाव नोंदवायला सांगितले गेले. यातून दोन गोष्टी घ्या. आई-वडिलांची नावे छापलेले पान आपण कधी वाचत नाही, तेही तपासा. आणि दुबईमार्गे कुठे जायचे असले, तरी तिकिटाआधी कंपनीला त्या दिवसाचा नियम विचारा.

FNU चे आणखी एक आहे. ते व्हिसावर छापले जाते. थोड्या दिवसांच्या भेटीला त्याने फारसे बिघडत नाही. पण शिकायला किंवा नोकरीला जाणाऱ्याच्या तिथल्या पुढच्या कागदांवरही तेच पहिले नाव बनून येऊ शकते. मग बँक, घरमालक, कंपनी, प्रत्येकाला खुलासा करत बसावे लागते.

म्हणून ज्यांच्या हातात वेळ आहे त्यांनी मुळातच दुरुस्ती करावी. पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावर री-इश्यूचा अर्ज करून वैयक्तिक तपशिलात बदल हे कारण निवडायचे. मोठ्यांच्या 36 पानी पासपोर्टची साधी फी 1500 रुपये आहे. त्याआधी आधार आणि बाकीचे कागद एकाच नावावर आणा, नाहीतर खिडकीवर कागदच एकमेकांशी भांडतात. अर्जात पहिले नाव, मधले नाव Given Name मध्ये आणि SHAIKH वेगळे Surname मध्ये. हे व्हिसाच्या आधी करा. व्हिसा जुन्या नावावर आणि पासपोर्ट नव्या नावावर असला, तर बहुधा व्हिसा पुन्हा काढावा लागतो.

आणि घरात लहान मुलाचा पहिला पासपोर्ट निघणार असेल, तर Surname चा रकाना कोरा सोडू नका. पुढे त्याला हे भाषण ऐकावे लागणार नाही.

आता प्रश्न विचारा. पासपोर्ट सोबत आणला असेल, तर तळाची ती ओळ आपण मिळून वाचू.