बँकेची संगणकप्रणाली बदलताना: परतीचा निर्णय आधी

नवीन संगणकप्रणालीत सगळी खाती हलवायची, म्हणजेच डेटा मायग्रेशन करायचं, तर त्याचा आराखडा कसा असावा, हे आज एका नागरी सहकारी बँकेचं काल्पनिक उदाहरण घेऊन पाहू. समजा, या बँकेच्या २० शाखा आहेत आणि २ लाख खाती.

सुरुवात चाचण्यांपासून करू. पहिल्या चाचणीत खात्यांची संख्या आणि शिल्लक रकमांची बेरीज दोन्हीकडे जुळते का, ते पाहतात. ही बेरीज शाखावार आणि खातेप्रकारवार घ्यावी लागते. एका शाखेत हजार रुपये कमी आणि दुसरीत हजार जास्त असतील, तर एकूण बेरीज जुळते आणि चूक लपून राहते.

पण बेरीज बरोबर असूनही खातं चुकीचं असू शकतं. पती-पत्नीचं संयुक्त खातं घ्या. दोघांपैकी कुणीही किंवा हयात असेल त्याने पैसे काढावेत, अशी सूचना जुन्या प्रणालीत एका सांकेतिक अंकाने नोंदलेली असते. नव्या प्रणालीला तो अंक ओळखता आला नाही आणि तिने तिथे ‘एकच खातेदार’ असं गृहीत धरलं, तर रक्कम पैशापैशाने जुळेल. पण पतीच्या निधनानंतर पत्नी काउंटरवर आली की तिला तिचेच पैसे मिळणार नाहीत. ही चूक प्रोग्रामरच्या लक्षात येत नाही, ती दिसते रोज काउंटरवर बसणाऱ्या अधिकाऱ्याला. म्हणून दुसऱ्या चाचणीत प्रत्येक शाखेने आपली निवडक अवघड खाती स्वतः उघडून तपासायची: संयुक्त खाती, सोनेतारण कर्ज, मुदतपूर्व मोडलेली ठेव.

तिसरी चाचणी भाराची. ब्रिटनमधल्या टीएसबी बँकेने एप्रिल २०१८ मध्ये सुमारे ५२ लाख ग्राहकांची खाती नव्या प्रणालीत नेली. डेटा नीट पोहोचला, पण ग्राहक आत येऊ लागताच प्रणाली कोलमडली. तब्बल १९ लाख लोकांना आपलं खातं उघडता येईना. चौकशीत दिसलं, की दोन डेटा सेंटरपैकी एकाचीच भारचाचणी झाली होती. जिथे प्रत्यक्ष काम चालणार, तिथेच पूर्ण भार देऊन पाहायला हवा.

यानंतर प्रत्यक्ष बदलाची वेळ, म्हणजे कटओव्हर. महिन्याचा दुसरा शनिवार बँकांना सुटी असते. त्यामुळे शुक्रवारी रात्री ८ ते सोमवारी सकाळी ८, असे ६० तास मिळतात. त्या काळात एटीएम आणि यूपीआय बंद राहतील, हे ग्राहकांना आधीच कळवलेलं असतं. रंगीत तालमीत घड्याळ लावून मोजलं, तर दिवसाचे व्यवहार बंद करून बॅकअप घ्यायला ६ तास लागले, डेटा काढून नव्या प्रणालीत भरायला १८, ताळा जुळवायला १० आणि शाखांच्या तपासणीला ८. एकूण ४२ तास, म्हणजे सगळं सुरळीत झालं तर रविवारी दुपारी २ वाजता काम संपतं.

आता उलट बाजूने मोजू. जुन्या प्रणालीवर परतायला, एटीएम आणि यूपीआयच्या जोडण्या पुन्हा तिकडे वळवायला ९ तास लागतात, हेही तालमीतच मोजलेलं आहे. सोमवारी सकाळी ८ मधून ९ तास वजा केले, तर रविवारी रात्रीचे ११. त्यातून अडीअडचणीसाठी ३ तास राखले, तर निर्णयाची शेवटची वेळ रविवारी रात्री ८. म्हणजे हाताशी फक्त ६ तासांची सवड. डेटा भरण्याचं काम शनिवारी रात्री ८ ला संपायला हवं. रविवारी पहाटे २ पर्यंतही संपलं नाही, तर तिथूनच परत फिरायचं.

परतीच्या अटी, म्हणजे रोलबॅकचे निकष, आधीच लिहून ठेवायला हवेत. उदाहरणार्थ, कारण न सापडलेला एक रुपयाचाही फरक उरला, किंवा ठरलेल्या खात्यांपैकी एकाचंही व्याज चुकलं, तर परत. रविवारी संध्याकाळी, दोन रात्री जागलेली माणसं ‘अजून एक तास द्या’ म्हणतात. त्या क्षणी अट ठरवायला बसलं, की ती सैल होते. निर्णय घेणाऱ्या एका अधिकाऱ्याचं नावही कागदावर हवं. आणि सोमवारी काउंटर उघडून नव्या प्रणालीत व्यवहार सुरू झाले, की साधी माघार संपते. मग ते नवे व्यवहार जुन्या प्रणालीत उतरवल्याशिवाय मागे जाता येत नाही.

शेवटी सही. ठेव विभागाने ठेवींच्या ताळ्यावर, कर्ज विभागाने कर्जांवर, शाखाधिकाऱ्याने तपासलेल्या खात्यांच्या यादीवर सही करायची. संगणक विभागाची एकटी सही पुरेशी नाही, कारण खात्याचा अर्थ व्यवसाय विभागालाच ठाऊक असतो. ‘सर्व काही ठीक’ एवढंच लिहिलेल्या कागदावर मात्र कुणी सही करू नये. काय तपासलं, किती जुळलं, काय बाकी आहे आणि ते कधी सुटेल, हे त्यावर असेल, तरच सही करावी.