मेन बंद, तरी घर चालूच

एप्रिल-मेच्या सुट्टीत आपल्यापैकी बरेच जण बेंगळुरूचं घर सहा-सहा आठवडे बंद ठेवून गावी जातात. वळवाच्या विजा आणि विजेचा लपंडाव, दोन्हींचा हाच काळ. निघताना मेन स्विच खाली केला की काम झालं, असं आपण धरतो. पण आपल्या घरांत इन्व्हर्टर असतो, आणि मेन पाडला की त्याला वाटतं, वीज गेली. तो लगेच बॅटरीवरून घर चालवू लागतो. बोर्डात २३० व्होल्ट तसेच राहतात.

हिशोब पाहा. बॅटरी १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवर, म्हणजे सुमारे १८०० वॉट-तास. राउटर आणि इन्व्हर्टरची स्वतःची भूक मिळून २५ वॉट धरले, तर फार तर तीन दिवसांत ती रिकामी. उरलेले साडेपाच आठवडे ती तशीच पडून राहते. रिकाम्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीच्या पट्ट्यांवर सल्फेटचा कठीण थर बसतो. परतल्यावर ती झटपट चार्ज झाल्यासारखी दिसते, पण पंखा अर्ध्या तासात थांबतो. तो थर सहसा निघत नाही.

म्हणून क्रम असा ठेवा. आदल्या दिवशी बॅटरीचं पाणी पाहा, कमी असेल तर डिस्टिल्ड वॉटर घाला आणि रात्रभर चार्ज होऊ द्या. फ्रिज रिकामा करून पुसा, दार किंचित उघडं ठेवा. बंद दारामागे बुरशी धरते. टीव्ही, राउटर, वॉशिंग मशीन यांचे प्लग आणि डिशची केबल उपसून ठेवा. विजेच्या कडकडाटात येणारा जोराचा दाब बंद स्विच ओलांडू शकतो. उपसलेल्या प्लगपर्यंत तो पोचत नाही. सोलर हीटरच्या टाकीत विजेचं कॉइल असेल, तर त्याचा एमसीबीही पाडा.

निघताना आधी इन्व्हर्टरचं बटण बंद करा, मग त्याचा प्लग काढा. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवून टोकाला टेप गुंडाळा. हे इलेक्ट्रिशियनकडून करून घेतलं तर उत्तम. भरलेली बॅटरी सहा आठवडे सहज टिकते. त्यानंतर एकेक एमसीबी आणि शेवटी मेन पाडा. आता प्रत्येक खोलीतला दिवा लावून पाहा. एक जरी लागला, तरी कुठून तरी वीज येते आहे. कॅमेरा किंवा औषधांचा फ्रिज चालू ठेवायचाच असेल, तर मेन चालू ठेवून फक्त त्याच लाइनचा एमसीबी वर ठेवा.

परतल्यावर मेन चालू करा, आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून तो पडतो का ते पाहा आणि वर करा. मग एमसीबी एकेक करून चढवा. ज्या लाइनला आरसीसीबी पडेल, तिथे गळती आहे. ती लाइन बंद ठेवून इलेक्ट्रिशियनला बोलवा. माझी विनंती एवढीच: आज घरी गेल्यावर कोणता एमसीबी कशाचा, हे डीबीच्या दारावर लिहून चिकटवा.