‘औदुंबर’ : आठ ओळींतले शब्द आणि नाद



आजच्या व्याख्यानासाठी मी बालकवींची ‘औदुंबर’ ही आठ ओळींची कविता घेतली आहे. आपल्यापैकी बहुतेकांना ती शाळेपासून पाठ आहे, म्हणून मी ती इथे म्हणून दाखवीत नाही. आपण ती मनातल्या मनात म्हणा. मी तिच्यातला एकेक शब्द उचलून आपल्यापुढे ठेवीन.

कवितेत घडते काय, हे गद्यात सांगायचे तर दोन मिनिटे लागत नाहीत. एक झरा वाहतो आहे, त्याच्या दोन्ही काठांना हिरवळ आहे. पलीकडच्या टेकडीकडे लहानसे गाव आहे, त्याच्यापुढे शेतेमळे आहेत. त्यांतून एक पाऊलवाट वेडीवाकडी डोहाकडे जाते आणि त्या डोहात औदुंबराचे झाड उभे आहे. संपले. कोणी रडत नाही, कोणी कोणाला सोडून जात नाही. एकही माणूस प्रत्यक्ष दिसत नाही. तरीही ही कविता म्हणून संपली की आपण थोडे गप्प होतो. हे गप्प होणे कशामुळे?

याचे सोपे उत्तर पुष्कळांनी दिले आहे. धरणगावचे त्र्यंबक बापूजी ठोंबरे, १८९० सालचा जन्म, १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात ‘बालकवी’ ही पदवी मिळालेले, आणि ५ मे १९१८ रोजी भादली स्टेशनाजवळ आगगाडीखाली सापडून गेलेले. वय अठ्ठावीसही पुरे नव्हते. मग डोह म्हणजे मृत्यू, वाट म्हणजे आयुष्य, असा हिशेब मांडायला वेळ लागत नाही. मला हा हिशेब पटत नाही. चरित्र बाजूला ठेवले तरी ती गंभीरता कवितेत उरतेच. तेव्हा ती शब्दांतच कुठेतरी असली पाहिजे. ती शोधण्यासाठी मी एक साधा उपाय करतो. कवीने योजलेल्या शब्दाच्या जागी, चाल न मोडता, दुसरा शब्द बसवून पाहायचा. तो चालीत नीट बसला, आणि तरीही कविता फिकी पडली, तर मूळ शब्द चालीच्या गरजेपोटी आलेला नव्हता, निवडलेला होता, असे धरायला हरकत नाही.

त्यासाठी चाल आधी पाहू. ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा आणि दीर्घाच्या दोन, असे बोटांवर मोजले तर प्रत्येक ओळीत आठ मात्रांचे तीन ठोके पडतात आणि शेवटी तीन मात्रांचा अपुरा ठोका येतो. पाळणा हलावा तशी ही शांत, सम चाल आहे. बहुतेक जागी शब्द जिथे संपतो तिथेच ठोकाही संपतो, म्हणून म्हणताना कुठे धक्का बसत नाही.

एक जागा मात्र वेगळी आहे. पायवाटेच्या ओळीत ‘पांढरी’ हा शब्द पहिल्या ठोक्याच्या शेवटावर नेमका फुटतो. ‘पां’ अलीकडे राहतो आणि ‘ढरी’ पलीकडे जाते. आठव्या-नवव्या मात्रेवर जीभ अडखळते. आणि याच ओळीत ‘ढ’ एकदा व ‘ड’ तीनदा आला आहे. वाट आडवी आणि तिरकी गेल्याचे सांगणारे दोन शब्द आणि ओळीच्या शेवटचे ‘पडे’ हे क्रियापद आठवून पाहा. वाट वाकडी आहे हे कवी सांगतो खरा, पण आपल्या तोंडात ती आधीच वाकडी झालेली असते. कवीने हे मात्रा मोजून केले असेल असे मी म्हणणार नाही. ज्याच्या कानात चाल मुरलेली असते त्याच्याकडून अशा गोष्टी होऊन जातात.

आता ओळींचे शेवट पाहा. मधल्या चार ओळी ‘कडे’, ‘पुढे’, ‘पडे’ आणि पुन्हा ‘कडे’ अशा संपतात. चारही उघड्या, लांब एकारावर थांबतात, आणि चारपैकी तीन शब्द दिशा दाखवणारे आहेत. टेकडीकडे, पुढे, डोहाकडे. डोळा सारखा कशाच्या तरी ‘कडे’ ओढला जातो. पहिल्या दोन ओळी ‘न’वर आणि शेवटच्या दोन ‘र’वर, म्हणजे व्यंजनावर मिटतात. दोन मिटलेल्या जोड्यांमध्ये चार उघड्या ओळी, असा हा प्रवास आहे. क्रियापदेही तसेच सांगतात. झरा ‘वाहतो’, वाट ‘चालली’, आणि झाड ‘बसला’. वाहणे, चालणे, बसणे अशी गती क्रमाने कमी होत जाते. वाहत्या पाण्याने कविता सुरू होते आणि साचलेल्या पाण्यापाशी थांबते.

रंगांची गोष्ट याहून बारीक आहे. हिरवा रंग तीन वेळा येतो, पांढरा एकदाच, आणि मग काळा. पण काळा रंग एकाएकी आलेला नाही. दुसऱ्याच ओळीत झऱ्याला निळ्याच्या जोडीने ‘सावळा’ म्हटले आहे. तिथे ‘निळानिळासा’ म्हटले असते तर चाल जशीच्या तशी राहिली असती; झरा मात्र नुसता गोजिरवाणा झाला असता. ‘सावळा’ हा काळ्या रंगाचा शब्द खरा, पण मराठी माणूस तो ज्या मायेने उच्चारतो त्या मायेने ‘काळा’ म्हणत नाही. पंढरपूर ज्या जिल्ह्यात आहे त्या जिल्ह्यातल्या श्रोत्यांना हे मी काय सांगावे! तेव्हा काळेपण या कवितेत प्रथम येते ते प्रेमाच्या नावाने. पुढे डोहाला उघड ‘काळा’ म्हटले आहे, आणि सातव्या ओळीत ‘काळिमा’ येतो.

या शब्दापाशी आपण जरा थांबू. ‘काळिमा’ आपण बोलताना कधी वापरतो? कुळाला काळिमा लागला, नावाला काळिमा फासला. शब्द लांच्छनाचा आहे. त्याच्या आधी कवीने ‘गोड’ हे विशेषण ठेवले आहे. आता काळिमा काढून तिथे ‘सावली’ घाला. मात्रा तितक्याच, पाच. झाडाची सावली गोड असते, हे म्हणणे बरोबरही आहे. पण मग ते झाड रस्त्याकडेच्या कुठल्याही वडा-पिंपळासारखे होते आणि वाटसरूने तिथे भाकरी सोडायला हरकत राहत नाही. सावली ही कोणाच्या तरी उपयोगाची असते. काळिमा कोणाच्याच उपयोगाचा नाही. आणि नुसता काळिमा ठेवून ‘गोड’ काढले, त्याऐवजी ‘घोर’ घातले, तर तेही चालीत बसते. पण कविता लगेच भीतीदायक होते. कवीला सावलीचा आराम नको आहे आणि काळोखाचे भयही नको आहे. जे दोन शब्द बोलण्यात कधी शेजारी बसत नाहीत, ते त्याने शेजारी बसवले. कवितेचा सूर कुठल्या एका जागी ठरतो असे विचाराल, तर मी या जोडीवर बोट ठेवीन.

त्याच ओळीत ‘ळ’ तीन वेळा आला आहे: पाणी झाकोळून टाकण्याच्या क्रियापदात, ‘जळ’ या शब्दात आणि ‘काळिमा’त. सगळ्या कवितेत ‘ळ’ नऊ वेळा आहे, आणि त्यांतले तीन या एका ओळीत. इथे एक धोका सांगून ठेवतो, कारण नादाविषयी बोलणारे याच ठिकाणी घसरतात. ‘ळ’ हा उदास वर्ण आहे, असे कोणी म्हणू लागला तर त्याला ‘भेळ’ आणि ‘गोंधळ’ हे शब्द ऐकवावेत. वर्णाला स्वतःचा सूर नसतो. इथला ‘ळ’ प्रथम निळ्या-सावळ्या झऱ्याबरोबर कानात शिरला, आणि तोच काळ्या डोहापाशी दाटून आला, म्हणून पाण्याचे ते दोन रंग एकाच पाण्याचे वाटतात. झऱ्याची आठवण डोहात उतरते, ती या वर्णाच्या आधाराने. डोहावर लाटा आहेत हेही विसरू नये. लहानशाच असतील, पण ज्यांना तो डोह मृत्यूचा वाटतो त्यांनी त्या लाटांचे काय करायचे ते ठरवावे.

शेवटच्या ओळीत झाडाने पाय पाण्यात ‘टाकले’ आहेत. आपण माणसे घाटावर पाय सोडून बसतो. ‘सोडुनी’ हा शब्द इथे मात्रांत तंतोतंत बसतो. पण सोडलेले पाय वर घेता येतात. टाकलेले पाय टाकलेले. त्या एका क्रियापदाने झाडाला माणसाची बैठक मिळते, आणि ती उठण्यासाठी नाही हेही कळते.

नंतर येतो ‘असला’. इतक्या सुसंस्कृत कवितेत हा बोलण्यातला, किंचित उद्धट शब्द. ‘असला कसला माणूस!’ असे आपण म्हणतो तोच. त्याच्या जागी ‘निश्चल’ घाला. चार मात्रा, अर्थही चोख. पण मग कवी आपल्याला समजावून सांगत बसतो. ‘असला’ काहीच समजावत नाही, फक्त बोट दाखवतो. सात ओळी दृश्य आपोआप उलगडत होते, पाहणारा कोणी नव्हता. ‘असला’ म्हणताक्षणी कळते की कोणीतरी इतका वेळ इथे उभा होता आणि आता त्याला विशेषण सुचत नाही. शेजारच्या ‘बसला’शी जुळून तो शब्द इतका सहज येतो की आपण त्याला जवळजवळ ओलांडून जातो.

आणि मग झाडाचे नाव. शीर्षकात दिलेले नाव कवीने कवितेत अगदी शेवटच्या शब्दापर्यंत राखून ठेवले आहे. सातव्या ओळीत पाण्यावर काळिमा कशाचा पसरला, हेही तोवर कळत नाही. रोजचा शब्द ‘उंबर’ आहे. कवीने ‘औदुंबर’ घेतला. सोलापुरातून पौर्णिमेला गाणगापुरास जाणाऱ्यांना या नावाबरोबर काय काय आठवते ते मी बोलून दाखवण्याची गरज नाही. कवितेत दत्त नाही, पादुका नाहीत, प्रदक्षिणा नाही. त्यांतले काहीही कवीने आत येऊ दिले नाही, फक्त त्यांचे वजन त्या नावात राहू दिले. म्हणून पाहताना ‘औ’ आणि ‘दुं’ ही दोन जड अक्षरे आधी येतात, ‘ब’ हलका पडतो आणि ‘र’वर आवाज थांबतो. त्या ठिकाणी चालीची एक मात्रा भरायची राहिलेली असते. ती कवीने कुठल्याही अक्षराला दिलेली नाही.