उत्तरे गळतात कुठे?

एका महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थी संघाने २००० जणांना ईमेलने प्रश्नावली पाठवली, असे समजू. पंधरा दिवसांत २५० उत्तरे आली. संघाच्या बैठकीत निदान ठरलेलेच असते: लोकांना आस्थाच उरलेली नाही! पण या निदानापूर्वी आणखी तीन आकडे मागायला हवेत. किती पत्रे पत्ता चुकल्यामुळे परत आली? किती जणांनी लिंक उघडून पहिला प्रश्न सोडवला? आणि अर्ध्यावर सोडणाऱ्यांनी प्रश्नावली नेमकी कुठे सोडली?

समजा, १४० पत्रे परत आली. म्हणजे पत्र मिळाले १८६० जणांना. त्यातल्या ४१० जणांनी सुरुवात केली आणि २५० जणांनी शेवट गाठला. सुरुवात करूनही १६० जण सुटले, पण त्याआधीच १४५० जण दारातून परत फिरले आहेत. अशा वेळी प्रश्नांची भाषा घोटत बसण्यापेक्षा पत्राची विषयओळ आधी बघावी.

पत्र किती जणांनी उघडले, हा आकडा मात्र जपून वापरावा. तो पत्रातल्या एका अदृश्य चित्रावरून मोजला जातो आणि २०२१पासून ॲपलचे मेल ॲप, वापरणाऱ्याने परवानगी दिली असेल तर, अशी चित्रे आपणच आधी उतरवून घेते. माणसाने पत्राकडे ढुंकूनही पाहिले नसले तरी ‘उघडले’ अशी नोंद होते.

विषयओळीबद्दल एक निष्कर्ष अनेकांना खटकतो. टपालाने आणि ईमेलने पाठवलेल्या प्रश्नावल्यांवरचे प्रयोग एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन आढाव्यात, विषयओळीत ‘सर्व्हे’ हा शब्द असला की प्रतिसादाची शक्यता घटते, असे दिसले. ‘माजी विद्यार्थी सर्व्हे २०२५’ या ओळीपेक्षा ‘वसतिगृहाच्या नव्या इमारतीबद्दल तुमचे मत’ ही ओळ बरी, कारण पत्र कशाबद्दल आहे ते तिच्यातून कळते. मोबाइलवर ओळीचे सुरुवातीचे थोडेच शब्द दिसतात, त्यामुळे कामाचा शब्द पुढे यावा. फसवी ओळ मात्र नको. ‘तातडीचे’ म्हणून उघडायला लावलेले पत्र पुढच्या खेपेला न वाचताच कचऱ्यात जाते.

लांबीचा प्रश्न मिनिटांत विचारला जातो. गालेसिक आणि बोस्न्याक या संशोधकांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काहींना प्रश्नावली १० मिनिटांची, काहींना २० आणि काहींना ३० मिनिटांची असल्याचे सांगितले होते. सांगितलेला वेळ जितका जास्त, तितके सुरुवात करणारे कमी आणि शेवटापर्यंत जाणारेही कमी. मोह होतो तो ‘फक्त पाच मिनिटे’ लिहून वीस मिनिटांचे काम करून घेण्याचा. पण त्याच प्रयोगात, प्रश्नावलीत उशिरा आलेल्या प्रश्नांना लोक घाईत, त्रोटक आणि एकसारखी उत्तरे देत होते. दहा विधाने आणि समोर पाच-पाच रकाने अशा तक्त्यात तर सगळ्या खुणा एकाच रकान्यात सरळ खाली उतरताना दिसतात. आकड्यांत ते उत्तर म्हणून मोजले जाते, पण त्यात मत नसते.

स्मरणपत्रांनी बरीच भर पडते, पण तेच पत्र पुन्हा ढकलण्याने नव्हे. सावरमान आणि रोच यांनी अमेरिकेतल्या वैज्ञानिकांवर केलेल्या आणि २०१३ साली छापलेल्या प्रयोगात, दर खेपेला मजकूर बदलल्याने प्रतिसादाची सांख्यिकी शक्यता तीस टक्क्यांहून अधिक वाढली. पहिल्या पत्रात विषय सांगितला असेल, तर दुसऱ्यात या उत्तरांवर कोणता निर्णय अवलंबून आहे ते सांगावे आणि तिसऱ्यात शेवटची तारीख द्यावी. उत्तर देऊन मोकळ्या झालेल्यांना स्मरणपत्र जाऊ नये, यासाठी प्रत्येकाला वेगळी लिंक द्यावी लागते. पण मग कोणी काय लिहिले हे पाठवणाऱ्याला कळू शकते. तेव्हा पत्रात ‘निनावी’ असे लिहू नये, ‘गोपनीय’ लिहावे आणि ती गोपनीयता पाळावी.

मंगळवारी सकाळी दहा वाजता पाठवा, असले सल्ले भरपूर मिळतात. वरच्याच प्रयोगात वार किंवा तास बदलून लक्षणीय फायदा झाला नाही. परीक्षांचे किंवा दिवाळीचे दिवस टाळावेत, एवढे पुरे.

आता तिसऱ्या पत्रानंतर संघाकडे ४२० उत्तरे जमली आहेत असे धरू. टक्केवारी सुधारली, पण पहिल्या आठवड्यात उत्तर देणारे बहुतेक दरवर्षीच्या मेळाव्याला येणारेच असतील, तर चित्र अजून एकांगीच आहे. म्हणून लवकर आणि उशिरा आलेली उत्तरे शेजारी ठेवून पाहतात. वसतिगृहाच्या प्रश्नावर दोन्ही गटांची मते जुळली तर थोडा दिलासा असतो. ती दूर गेली असतील, तर अजिबात उत्तर न देणाऱ्यांपैकी तीस-चाळीस जण चिठ्ठ्या टाकून निवडावेत आणि त्यांना फोन करून दोनच प्रश्न विचारावेत. संघाच्या दोन कार्यकर्त्यांचे ते एका संध्याकाळचे काम आहे.