दर महिन्याला दुप्पट

(अकोल्यातील बचत गटांच्या शिबिरात केलेले भाषण)



हल्ली गटांच्या बैठकांतून एक कल्पना वारंवार पुढे येते. पहिल्या महिन्यात प्रत्येकीने फक्त एक रुपया द्यायचा, दुसऱ्या महिन्यात दोन, तिसऱ्यात चार, आणि असेच दर महिन्याला दुप्पट करत वर्षभर जायचे. "ताई, एक रुपया तं कोनीबी देईल," असे म्हणून ती मांडली जाते. ते खरेच आहे, एक रुपया कोणीही देईल. प्रश्न आहे तो मे महिन्याचा.

जूनपासून सुरू करू या. जून १, जुलै २, ऑगस्ट ४, सप्टेंबर ८, ऑक्टोबर १६, नोव्हेंबर ३२, डिसेंबर ६४, जानेवारी १२८, फेब्रुवारी २५६, मार्च ५१२, एप्रिल १०२४ आणि मे २०४८. आता बेरीज करा. बारा आकडे एकाखाली एक मांडून बेरीज करता येते, पण त्यात चुका होतात. त्यापेक्षा सोपी युक्ती आहे. सगळ्या हप्त्यांची एक ओळ मांडा. तिच्याखाली त्याच ओळीची दुप्पट मांडा. दुप्पट केल्यावर १ चे २ होतात, २ चे ४ होतात, आणि शेवटच्या २०४८ चे ४०९६. म्हणजे दोन्ही ओळींत २ पासून २०४८ पर्यंतचे सगळे आकडे सारखेच आहेत. खालच्या ओळीतून वरची ओळ वजा केली की ते सगळे उडून जातात. उरतात खालचे ४०९६ आणि वरचा एकटा १. वजाबाकी ४०९५. दुपटीतून मूळ रक्कम वजा केली की मूळ रक्कमच उरते, म्हणून वर्षाची बचत ४०९५ रुपये.

शाळेच्या पुस्तकात याला भूमिती श्रेढीची बेरीज म्हणतात. सूत्र असे: पटीचा आकडा जितके महिने तितक्या वेळा घेऊन गुणाकार करा, त्यातून एक वजा करा, पहिल्या हप्त्याने गुणा आणि 'पट वजा एक' ने भागा. दुपटीत हा भाजक दोन वजा एक, म्हणजे एकच असतो, म्हणून भागायचे राहिले तरी उत्तर बरोबर येते आणि सवय बिघडते. तिप्पट घेऊन पाहा: १, ३, ९, २७. तीनचा चार वेळा गुणाकार ८१, वजा एक ८०, आणि दोनने भागल्यावर ४०. भागायला विसरलात तर वहीत दुप्पट पैसे दिसतील आणि पेटीत नसतील.

वही तपासायची आणखी एक खूण सांगते. पहिला हप्ता एक रुपयाचा असेल तर एका बाईची एकूण जमा प्रत्येक महिन्याअखेर विषमच यायला हवी: १, ३, ७, १५, ३१. सम आकडा दिसला की कुठेतरी हप्ता राहिला आहे किंवा चुकीचा लिहिला गेला आहे.

हे गणित काही परके नाही. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त, म्हणजे ११५० च्या सुमाराच्या ग्रंथात, हेच उदाहरण आहे. एकाने याचकाला पहिल्या दिवशी दोन कवड्या द्यायच्या ठरवल्या आणि रोज दुप्पट, असे महिनाभर. तीस दिवसांत २,१४,७४,८३,६४६ कवड्या होतात. त्यांचे निष्क, म्हणजे तेव्हाची मोठी नाणी, केले तर एक लाख चार हजारांवर जातात. इतके गुणाकार टाळण्याची रीतही त्यांनी दिली आहे. महिन्यांचा आकडा सम असेल तर निम्मा करा आणि 'वर्ग' लिहा. विषम असेल तर एक कमी करा आणि 'गुण' लिहा. शून्य येईपर्यंत हेच. बारासाठी वर्ग, वर्ग, गुण, वर्ग, गुण असे येते. आता शेवटाकडून उलटे वाचत चला. एकपासून सुरुवात: गुण, म्हणून २, वर्ग ४, गुण ८, वर्ग ६४, पुन्हा वर्ग ४०९६. पाच पायऱ्यांत उत्तर. ज्या बाईला पाढे येतात तिला हे जमेल.

पण माझे म्हणणे बेरजेपेक्षा हप्त्याविषयी आहे. दुपटीत कुठल्याही महिन्याचा हप्ता हा तोपर्यंत भरलेल्या सगळ्या पैशांहून एक रुपयाने जास्त असतो. फेब्रुवारीअखेर नऊ महिन्यांत बाईने ५११ रुपये भरलेले असतात. मार्चच्या एकाच महिन्यात तिला ५१२ भरायचे आहेत. मार्च, एप्रिल, मे या तीन महिन्यांचे मिळून ३५८४ होतात. म्हणजे आठ रुपयांतले सात रुपये शेवटच्या तीन महिन्यांत. आपल्या वऱ्हाडात बाईच्या हाताला पैसा केव्हा असतो? कापूस वेचणीच्या दिवसांत, दसऱ्यापासून संक्रांतीच्या पुढेमागे. कोरडवाहू भागात उन्हाळ्यात शेतात काम नसते, आणि मे संपता संपता बियाण्याची काळजी लागते. नेमका तेव्हा हप्ता डोक्यावर चढतो. ज्या वेचणीला पैसा असतो त्या नोव्हेंबरात योजना मागते बत्तीस रुपये! मग मे महिन्याचे २०४८ ती कुठून आणणार? सावकाराकडून आणले तर ती बचत नव्हे.

अमरावती जिल्ह्यात १९४७ साली काही बायकांनी चार आण्यांच्या बचतीवर गट सुरू केला, अशी नोंद बचत गटांच्या इतिहासात केली जाते. त्यातले चार आणे मला महत्त्वाचे वाटतात: दर वेळी तेवढेच, म्हणून झेपणारे. ४०९५ रुपयेच हवे असतील तर सारख्या हप्त्याने महिन्याला सुमारे ३४१ पडतात. तेही सगळ्यांना जमणार नाहीत, पण निदान बाईला पहिल्याच दिवशी कळते की जमणार नाही. दुपटीत ते नऊ महिन्यांनी कळते. वाढता हप्ताच आवडत असेल तर दुपटीला थोडेच महिने द्या. ऑक्टोबरला १०, मग २०, ४०, आणि जानेवारीला ८०. बेरीज १० गुणिले १५, म्हणजे १५०. वेचणी संपली की पुन्हा १० वर या.

एक फरक मात्र नीट ऐका. वरच्या योजनेत पैसे दुप्पट करणारी आपणच आहोत. 'तुम्ही ठेवा, आम्ही दर महिन्याला दुप्पट करू' असे दुसरा कोणी म्हणाला तर तेच सूत्र त्याला लावा. एक हजाराचे बारा महिन्यांत ४० लाख ९६ हजार होतात. इतके पैसे कुठल्याही धंद्यातून येत नाहीत. ते नंतर येणाऱ्यांच्या खिशातून येतात. प्रत्येकीने दोन नव्या बाया आणायच्या म्हटले तर एकीपासून सुरू झालेली साखळी तेविसाव्या फेरीला ८३ लाखांवर जाते. २०११ च्या जनगणनेत अमरावती आणि अकोला या दोन्ही जिल्ह्यांची तान्ह्या बाळांसकट लोकसंख्या ४७ लाख होती. बाविसाव्या आणि तेविसाव्या फेरीतल्या बायांनी मग कोणाला आणायचे? आणि दुपटीचा नियम आठवा: शेवटच्या फेरीत आधीच्या सगळ्यांहून एक जास्त असते. म्हणजे बुडणाऱ्या नेहमी निम्म्याहून जास्त. अशा साखळी योजनांवर १९७८ च्या कायद्याने बंदी आहे.

तरीही एखाद्या गटाने दुपटीची बचत करायचे ठरवलेच, तर एक कलम आधी वाचा. 'हप्ता चुकला तर जमा जप्त' असे कलम पुष्कळदा सहज घातले जाते. मार्चमध्ये सगळ्यांत आधी चुकणार ती भूमिहीन बाई, आणि तिचे ५११ रुपये वाटून घेणार त्या ज्यांच्या घरी पगार येतो. म्हणून ठरावात स्पष्ट लिहून घ्या की थांबणारीला तिची जमा पूर्ण परत मिळेल, आणि ती किती दिवसांत मिळेल तेही लिहा.