नळाची धार आणि पाइपाचा आतला व्यास

जुन्या इमारतीत सर्वांत वरच्या मजल्यावर नळाची धार आधी आटते. गच्चीवरच्या टाकीचा तळ तिथल्या नळाहून जेमतेम तीन मीटर उंच असतो. म्हणजे दाब फक्त 0.3 बार. अर्धा इंची जीआय पाइप नवा असताना आतून सुमारे 16 मिलिमीटर असतो. गंजाच्या गाठींनी तो 8 वर आला, तर त्याच दाबावर पाणी निम्मे होत नाही, साधारण सहाव्या हिश्शावर येते.

भिंत फोडण्याआधी दोन गोष्टी पाहा. टाकीचा कॉक पूर्ण उघडतो का? नळाची जाळी काढून धार वाढते का? दोन्ही ठीक असून, एक नळ चालू असताना दुसरा उघडताच पहिल्याची धार मरते, तर सामाईक पाइप आतून भरला आहे. गंज आधी धरतो तो आट्यांपाशी आणि एल्बोत, कारण आटे पाडताना तिथला जस्ताचा थर निघून गेलेला असतो.

आता नवा पाइप. इथे घरोघरी एक चूक होते: अर्ध्या इंचाच्या जागी अर्धा इंचच टाकतात. पण अर्धा इंची सीपीव्हीसी आतून केवळ साडेबारा मिलिमीटरच्या आसपास असतो. नव्या जीआयच्या तुलनेत तो बरेच कमी पाणी देतो. पाऊण इंची मात्र आतून सुमारे 18 असतो. म्हणून कमी दाबाच्या घरात मुख्य ओळ पाऊण इंची, आणि अर्धा इंच फक्त नळापर्यंतच्या शेवटच्या तुकड्यापुरता, असे मी आग्रहाने सांगेन.

पेक्स लवचिक असतो, वळवता येतो, त्यामुळे भिंतीत सांधे कमी. पण 16 मिलिमीटरचा पेक्स आतून 12 भरतो आणि त्याचे बरेच जोड पाइपाच्या आत शिरतात, तिथे वाट आणखी अरुंद होते. वरच्या मजल्यावर एक माप मोठाच घ्यावा. तांबे टिकाऊ खरे, पण महाग, आणि झाळकामाला कुशल हात हवा. शिवाय तांब्यातून आलेले पाणी पुढे जीआयमध्ये जाऊ देऊ नका. तांब्याचे कण जस्तावर बसतात आणि पाइपाला भोके पडतात.

मला सीपीव्हीसी बरा वाटतो, दोन अटींवर. गच्चीवर उन्हात तो उघडा नको, त्यावर रंग किंवा आवरण हवे. आणि गरम पाण्याने तो लांबतो: तीन मीटरचा तुकडा 40 अंशांच्या वाढीने जवळजवळ 8 मिलिमीटर. सिमेंटमध्ये करकचून आवळला, तर ताण सांध्यावर येतो. सांधे वाळल्यावर पंपाने दाब देऊन काटा काही तास स्थिर राहतो का ते पाहा, मगच भिंत बुजवा.

आणि घरातले सगळे बदलूनही गच्चीवरून उतरणारा सोसायटीचा मुख्य पाइप जुनाच राहिला, तर त्यातले गंजाचे पापुद्रे तुमच्या नव्या नळांच्या जाळ्यांत येऊन अडकतील. तो खर्च एकट्या घराचा नाही. त्याचा ठराव सोसायटीच्या सभेत आधी व्हावा, प्लंबर नंतर बोलवावा.